इंग्रजी संवादाच्या वर्कशीटवर जोर आणि बाण कुठे द्यायचे

स्पोकन इंग्लिशच्या बॅचला उच्चाराची पहिली वर्कशीट मी बनवली तेव्हा नियमांचं पुस्तक शेजारी ठेवून बनवली होती. प्रश्न आला की शेवटी वर जाणारा बाण, साधं वाक्य आलं की शेवटी खाली येणारा बाण, आणि जे जे शब्द महत्त्वाचे वाटले ते सगळे ठळक, म्हणजे सहा शब्दांच्या वाक्यात चार ठळक. वर्गात वाचायला दिली तर पोरं अक्षरशः ओरडायला लागली, प्रत्येक ठळक शब्दावर एक हातोडा, आणि बाण शेवटी होता म्हणून सगळं वाक्य सपाट म्हणून फक्त शेवटचा शब्द वर उचलायचे, उचकी लागल्यासारखा. वर ऑडिओ लावला तर एका मुलीने हात वर करून विचारलं, मॅडम इथे कागदावर बाण वर आहे पण तो माणूस तर खाली जातोय. बरोबर होतं तिचं. मी रेकॉर्डिंग न ऐकताच बाण काढले होते.

तेव्हापासून जी पद्धत बसली ती इथे लिहितेय. हे सगळं इंग्रजीच्या वर्कशीटबद्दल आहे, विद्यार्थी मराठी माध्यमातले मोठे लोक धरून. इंग्रजी वाक्यं मी इथे देवनागरीत देतेय, तुमच्या कागदावर ती अर्थात इंग्रजी लिपीतच असतील.

आधी खुणा ठरवा, आणि तीनच ठेवा

मी वापरते त्या अशा: उभी रेघ | म्हणजे इथे वाक्याचा एक तुकडा संपला. छोटी उभी खूण ˈ म्हणजे पुढच्या सिलॅबलवर साधा जोर. आणि बाण, ↗ किंवा ↘, म्हणजे पुढच्या सिलॅबलवर त्या तुकड्यातला मुख्य जोर आहे आणि सूर तिथूनच वर किंवा खाली निघतो.

म्हणजे बाण वाक्याच्या शेवटी येत नाही, मुख्य जोराच्या सिलॅबलच्या आधी येतो. माझ्या पहिल्या शीटची अर्धी बोंब इथेच होती. सूर फिरतो तो मुख्य जोरावर, त्याच्यानंतर जे शब्द उरतात ते नुसते त्याच्या मागे ओढले जातात, सूर खाली गेला असेल तर खालीच राहतात, वर निघाला असेल तर चढत राहतात. बाण शेवटी काढला की विद्यार्थ्याला वाटतं सूर शेवटच्या शब्दावर बदलायचाय. आणि बाण मुख्य जोरावर असला की एकाच खुणेत दोन गोष्टी सांगून होतात, वेगळी खूण लागत नाही.

संवाद लिहा, पण वाक्यं सुटी लिहू नका

सहा ते दहा ओळी पुरतात, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीला उत्तर असली पाहिजे. सुट्या वाक्यावर मुख्य जोर कुठे हे ठरवताच येत नाही, कारण तो ठरतो आधी काय बोललं गेलंय त्यावर. माझ्या वर्गात चालणारा हा संवाद घ्या, आधी बिनखुणांचा:

अ: वुड यू लाइक सम टी?
ब: नो थँक्स. आय डोन्ट ड्रिंक टी.
अ: कॉफी, देन?
ब: व्हॉट काइंड ऑफ कॉफी हॅव यू गॉट?
अ: फिल्टर कॉफी, इन्स्टंट कॉफी अँड कोल्ड कॉफी.
ब: आयल हॅव द कोल्ड वन.
अ: विथ शुगर?
ब: सॉरी?
अ: डू यू वॉन्ट शुगर इन इट?

आता हा दोन माणसांकडून रेकॉर्ड करून घ्या. इंग्रजी चांगलं बोलणारा सहकारी असेल तर तो, नाहीतर ज्या उच्चाराला तुम्ही मॉडेल मानताय तसा बोलणारा कोणीही, फोनवरचं रेकॉर्डिंग चालतं, फक्त पंखा बंद करा आणि फोन तोंडापासून वीतभर लांब धरा. त्यांना खुणा अजिबात दाखवू नका, फक्त प्रसंग सांगा, की पाहुणा आलाय, तू विचारतेयस, घाईत नाहीयेस. दोनतीनदा म्हणायला लावा आणि सगळ्यात सहज वाटेल तो टेक ठेवा. यापुढच्या खुणा त्या टेकवर करायच्या. नियम काय म्हणतो ते फक्त अंदाज बांधायला वापरा, खूण जे ऐकू येतंय त्याची.

तुकडे पाडणं

हे सोपंय, लवकर उरकतं. जिथे बोलणारा थांबतो किंवा शेवटचा शब्द जरा लांबवून सूर परत नव्याने सुरू करतो तिथे रेघ. छोट्या संवादात बहुतेक ओळ म्हणजे एकच तुकडा असतो. आपल्या संवादात फक्त कॉफीच्या यादीत तीन तुकडे पडतात, आणि दुसऱ्या ओळीत पूर्णविरामामुळे दोन. स्वल्पविराम दिसला की रेघ असं मात्र करू नका, 'कॉफी, देन' मध्ये स्वल्पविराम आहे पण बोलताना ते एका दमात जातं.

मुख्य जोर शोधणं, इथे वेळ द्या

एका तुकड्यात मुख्य जोर एकच. दोन वाटत असतील तर एकतर तुकडा मोडायला हवा नाहीतर त्यातला एक साधा जोर आहे.

सुरुवातीचा अंदाज असा बांधा, की तुकड्यातला शेवटचा अर्थाचा शब्द, म्हणजे नाम, क्रियापद, विशेषण वगैरे. द, ऑफ, इन, यू, इट, डू असले बारके शब्द सोडून. पहिल्या ओळीत तो शब्द टी आहे, रेकॉर्डिंगमध्येही तिथेच येतो, झालं. दुसऱ्या ओळीत मात्र हा अंदाज फसतो. 'आय डोन्ट ड्रिंक टी' यात शेवटचा अर्थाचा शब्द टीच आहे, आणि आपले जवळपास सगळे विद्यार्थी टीवरच जोर देतात. पण टी तर आत्ताच समोरच्याने म्हटला, तो शिळा झाला. नवीन काय आहे तर पीत नाही हे. म्हणून जोर मागे सरकतो, ड्रिंकवर जातो, आणि टी त्याच्या मागे खालच्या सुरात, जवळजवळ पुटपुटल्यासारखा. टीवर जोर दिला तर ऐकणाऱ्याला वाटतं की चहा पीत नाही पण दुसरं काहीतरी पितो असं म्हणायचंय, किंवा मग त्याला फक्त काहीतरी खटकतं आणि काय खटकलं ते सांगता येत नाही.

तर दुसरा प्रश्न स्वतःला हा विचारायचा: हा शब्द आधीच्या एकदोन ओळींत येऊन गेलाय का? गेला असेल तर दाबा आणि जोर मागच्या शब्दावर न्या. यादीची ओळ बघा, फिल्टर कॉफी, इन्स्टंट कॉफी, कोल्ड कॉफी. तिन्हीत कॉफी शिळी, म्हणून जोर फिल्टर, इन्स्टंट, कोल्ड यांवर. 'व्हॉट काइंड ऑफ कॉफी' मध्ये पण तेच, कॉफी दाबली जाते आणि मुख्य जोर काइंडवर बसतो.

ही गोष्ट आपल्याला जड का जाते ते समजून घेतलं तर वर्गात समजावता येतं. मराठीत आपण शब्द हलवू शकतो. मेल कोणी पाठवला असं विचारलं तर आपण म्हणतो 'मेल रवीने पाठवला', ज्याला महत्त्व द्यायचं तो शब्द क्रियापदाच्या अगदी अलीकडे आणून ठेवतो. शिवाय आपल्याकडे 'च' आहे, 'रवीनेच पाठवला', काम झालं. इंग्रजीत शब्दांच्या जागा बऱ्याच ठरलेल्या, च नाही, त्यामुळे 'रवी सेंट इट' मध्ये रवीचं महत्त्व फक्त आवाजात दाखवायचं असतं. म्हणून वर्गात मी सांगते की वाक्य मनात मराठीत म्हणा आणि बघा च कुठे चिकटावासा वाटतो, बहुतेक वेळा इंग्रजीतला मुख्य जोर तिथेच असतो. दुरुस्ती करणाऱ्या, खोडून काढणाऱ्या वाक्यांना ही युक्ती छान चालते. पण साध्या, काही न खोडणाऱ्या वाक्यात च बसतच नाही, ओढूनताणून बसवला तर चुकीच्या शब्दावर बसतो, 'आय डोन्ट ड्रिंक टी' मध्ये तर विद्यार्थी हमखास 'चहाच पीत नाही' म्हणतात आणि परत टीवर येऊन पडतात. तिथे शिळा शब्द दाबा हाच नियम.

दुसरी अडचण प्रश्नार्थक शब्दांची. 'तू कुठे राहतोस' मध्ये आपण कुठेवर जोर देतो, म्हणून इंग्रजीत पण 'व्हेअर' वर मोठा जोर देऊन पुढचं वाक्य गुंडाळून टाकतो. इंग्रजीत साध्या प्रश्नात व्हेअरवर साधा जोर आणि मुख्य जोर पुढे, 'ˈव्हेअर डू यू ↘लिव्ह'. व्हेअरवर मुख्य जोर दिला की तो दुसऱ्यांदा विचारल्यासारखा, काय म्हणालास रे असा ऐकू येतो.

आता एक बारीक जागा, जिथे मीही एकदा चुकीची खूण केली होती. शेवटच्या ओळीत 'डू यू वॉन्ट शुगर इन इट', शुगर आधी येऊन गेलंय, मग दाबायचं का? नाही. कारण ब ने ते ऐकलंच नाहीये, म्हणून तर तो सॉरी म्हणाला. त्याच्यासाठी शुगर अजून नवीनच आहे. शिळं म्हणजे कागदावर येऊन गेलेलं नाही, ऐकणाऱ्यापर्यंत पोचलेलं.

सूर वर का खाली

मुख्य जोर सापडला की सूर ऐकणं बरंच सोपं जातं, कारण आता एकाच सिलॅबलपासून पुढे ऐकायचंय. शब्द ऐकू येतात तोवर सूर ऐकू येत नाही, म्हणून ओठ मिटून तेच वाक्य गुणगुणा, मं मं मं असं. शब्द गेले की फक्त चाल उरते आणि वर की खाली ते लगेच कळतं. तरी कळेना तर मुख्य जोरापासून पुढचा भाग उलट्या सुरात गुणगुणा, चुकीचा असेल तो कानाला लगेच टोचतो.

अंदाज बांधायला एवढं पुरे: हो किंवा नाही असं उत्तर मागणारा प्रश्न बहुतेक चढतो, व्हॉट व्हेअर वाला प्रश्न बहुतेक उतरतो, विधान उतरतं, यादीतले आधीचे चढतात आणि शेवटचा उतरतो. बहुतेक हा शब्द मी मुद्दाम म्हणतेय. लहान मुलाशी किंवा पाहुण्याशी प्रेमाने बोलताना 'व्हॉट्स युअर नेम' चढत्या सुरात म्हणतात, आणि फॉर्म भरून घेणारा माणूस 'आर यू मॅरिड' उतरत्या सुरात विचारून मोकळा होतो. तुमच्या टेकमध्ये असं निघालं तर खूण तशीच करा. पण पहिल्याच वर्कशीटला असला टेक नको असेल तर परत रेकॉर्ड करा, बाण खोटा काढू नका.

सॉरी मी संवादात मुद्दाम घातलाय. चढता सॉरी म्हणजे ऐकू आलं नाही परत सांगा, उतरता सॉरी म्हणजे माफ करा. शब्द तोच, काम वेगळं, आणि हे एका मिनिटात वर्गाला पटतं की सूर चुकला तर नुसतं कानाला वाईट लागतं असं नाही, अर्थच बदलतो. उतरता सॉरी म्हणून बघा, समोरचा प्रश्न परत विचारणारच नाही, त्याला वाटेल साखर नकोय.

खुणा केल्यावर आपला संवाद असा दिसतो:

अ: वुड यू ˈलाइक सम ↗टी?
ब: ˈनो ↘थँक्स. | आय ˈडोन्ट ↘ड्रिंक टी.
अ: ↗कॉफी, देन?
ब: ˈव्हॉट ↘काइंड ऑफ कॉफी हॅव यू गॉट?
अ: ↗फिल्टर कॉफी | ↗इन्स्टंट कॉफी | अँड ↘कोल्ड कॉफी.
ब: आयल ˈहॅव द ↘कोल्ड वन.
अ: विथ ↗शुगर?
ब: ↗सॉरी?
अ: डू यू ˈवॉन्ट ↗शुगर इन इट?

शेवटची ओळ वर्गात नीट ऐका. बरोबर म्हणणारा शुगरच्या शु पासून चढायला लागतो आणि गर, इन, इट हे सगळं चढतच राहतं. आपला विद्यार्थी काय करतो तर शुगरवर सूर पाडतो आणि इट वर एकदम उडी मारतो, कारण मराठीत 'साखर घालू का' म्हणताना शेवटच्या का वर सूर उचलायची सवय असते. उडी ऐकू आली की समजायचं बाण वाचला गेलेला नाही, फक्त प्रश्नचिन्ह वाचलं गेलंय.

मुख्य जोराचं सिलॅबल शब्दाच्या मध्ये असेल तर बाण पण शब्दाच्या मध्ये घाला, 'सी यू टु↘मॉरो' असा. पहिल्यांदा विचित्र दिसतो, पण शब्दाच्या आधी घातला तर लोक टुमॉरोच्या टु वर जोर देतात, मी ऐकलंय.

शंका असेल तर प्राट

कानावर भरवसा बसेपर्यंत एक फुकट प्रोग्राम जवळ ठेवा, Praat नावाचा, अॅमस्टरडॅम विद्यापीठात पॉल बोअर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी बनवलेला. फाईल Open मधल्या Read from file... ने उघडायची, View & Edit दाबायचं, आणि Show pitch चालू करायचं. आवाजाचा सूर रेषेसारखा दिसतो, मुख्य जोरावर ती वळताना सापडते. दोन गोष्टींनी गोंधळू नका. ट, स, फ असल्या अघोष आवाजांना रेषा नसतेच, ती मध्येच तुटते, तो थांबा नाही. आणि कधीकधी रेषा अचानक खूप खाली किंवा दुप्पट वर उडी मारते तेव्हा कानाने तपासा, कानाला उडी नसेल तर प्रोग्रामने सूर चुकीचा मोजलाय. पुरुषाच्या आवाजाला सुराची मर्यादा साधारण 75 ते 300 हर्ट्झ आणि बाईच्या आवाजाला 100 ते 500 ठेवली की असल्या उड्या बऱ्याच कमी होतात. प्रत्येक ओळ प्राटमध्ये बघत बसू नका, ज्या दोन ओळींवर तुमचं आणि सहकाऱ्याचं जमत नाही तेवढ्याच बघा.

कागदावर उतरवणं

वर्डमध्ये 2197 टाइप करून Alt+X दाबलं की ↗ येतो, 2198 ने ↘ आणि 02C8 ने ˈ. मात्र हेच बाण व्हॉट्सअॅपवर टेक्स्ट म्हणून पाठवले तर बऱ्याच फोनवर निळ्या चौकोनातले इमोजी होतात आणि ओळीची पार वाट लागते, म्हणून पीडीएफच पाठवा. ˈ ची खूण छापल्यावर डोन्टमधल्या वरच्या स्वल्पविरामासारखी दिसते, त्यामुळे विद्यार्थ्यांच्या प्रतीवर मी ती काढून टाकते आणि साधा जोर ठळक करते, मुख्य जोर ठळक अधिक अधोरेखित, बाणासकट. रंग वापरू नका, लाल निळं सगळं झेरॉक्समध्ये एकाच करड्या रंगाचं होतं. अक्षर 14 पॉइंट आणि ओळींमध्ये दुप्पट जागा सोडा, कारण लोक त्यावर पेन्सिलीने बाण काढणार आहेत, गर्दी झाली की कोणता बाण कुठल्या शब्दाचा तेच कळत नाही.

आणि छापण्याआधी एक चाचणी: संवाद न ऐकलेल्या एखाद्या सहकाऱ्याला फक्त खुणा बघून वाचायला सांगा आणि रेकॉर्डिंगशी ताडून बघा. तो जिथे वेगळं वाचेल तिथे बहुतेक तुमची खूण एक सिलॅबल पुढेमागे पडलेली असते.

सरावाची ओळ

खुणा केलेला संवाद दोनतीनदा म्हणून झाला की लोक चाल पाठ करतात, मग शिकणं थांबतं. त्याच्यापुढे मी उत्तर तेच ठेवून आधीचा प्रश्न बदलते आणि बाण त्यांना काढायला लावते. उत्तर हे: 'आय बॉट अ ब्लू शर्ट इन पुणे'.

'व्हॉट डिड यू बाय इन पुणे?' असं विचारलं तर बाण शर्टवर, पुणे मागे ओढलं जाईल. 'डिड यू बाय अ रेड शर्ट इन पुणे?' विचारलं तर ब्लूवर, आणि शर्ट पुणे दोन्ही खाली. 'डिड यू बाय अ ब्लू शर्ट इन नाशिक?' विचारलं तर पुणेवर. तिन्हीत सूर उतरताच, फक्त जागा बदलते. खऱ्या बोलण्यात कोणी एवढं लांब उत्तर देत नाही, 'नो, ब्लू' म्हणून मोकळे होतात, हे एखादा विद्यार्थी बोलून दाखवतोच आणि त्याचं खरं असतं, पण सरावासाठी लांब वाक्य लागतं कारण जोरानंतरचे शब्द खाली ठेवता येतात का तेच तर बघायचंय.

तपासताना मी जोर कुठे दिला हे कमी ऐकते आणि जोराच्या नंतरचं जास्त ऐकते. ब्लूवर जोर सगळेच देतात. पण त्यानंतर शर्ट आणि पुणे खालच्या सुरात ठेवणारे सुरुवातीला फार थोडे निघतात, बाकीचे ब्लू म्हणून पुण्याला परत आवाज चढवतात, दोन मुख्य जोर होतात आणि प्रश्नाचं उत्तर नेमकं कोणतं ते कळेनासं होतं. अशांना मी बाणापासून पुढचं सगळं कुजबुजत म्हणायला लावते, ब्लू मोठ्याने आणि 'शर्ट इन पुणे' कुजबुजून, तीनचारदा. मग हळूहळू कुजबुजीत आवाज मिसळायचा, पण सूर तिथेच खाली ठेवायचा.